अंतर्गत उत्कृष्टता पुरस्कार २०२४-२५ : श्रीमती सुवर्णा दौंडकर यांच्या नावाची शिफारस

दिनांक : १५ एप्रिल २०२५
चाकण, जि. पुणे

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
अंतर्गत उत्कृष्टता पुरस्कार निवड समिती

विषय : श्रीमती सुवर्णा दौंडकर, सहायक अभियंता, युटिलिटी विभाग, चाकण कारखाना यांची शिफारस.

महोदय/महोदया,

आपल्या चाकण कारखान्यातील युटिलिटी विभागाच्या सहायक अभियंता श्रीमती सुवर्णा दौंडकर यांचे नाव मी यंदाच्या उत्कृष्टता पुरस्कारासाठी सुचवत आहे. मी प्रेस शॉपचा व्यवस्थापक असून त्या माझ्या विभागात काम करत नाहीत, त्यामुळे ही शिफारस वरिष्ठाने आपल्या सहकाऱ्यासाठी केलेली नसून, ज्याच्या विभागाला त्यांच्या कामाचा रोज उपयोग होतो अशा एका माणसाने केलेली आहे. त्यांची अनेक कामे सांगता येतील. परंतु समितीने एका कामाचा पुराव्यासह तपशील मागितला असल्याने मी फक्त कॉम्प्रेस्ड हवेच्या गळतीबद्दल लिहितो.

आपल्या कारखान्यात ११० किलोवॅट आणि ७५ किलोवॅट क्षमतेचे दोन स्क्रू कॉम्प्रेसर आहेत. प्रेसचे क्लच-ब्रेक, फिक्स्चरचे क्लॅम्प, पार्ट बाहेर फेकणारे सिलिंडर आणि सफाईच्या ब्लो गन, सगळे या दोन यंत्रांच्या हवेवर चालते. गेल्या वर्षी जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत ‘हवेचा दाब कमी’ या कारणाखाली प्रेस शॉपमध्ये एकूण ४१ तास मशिन बंद राहिल्याची नोंद आहे. शेडच्या टोकाच्या लाइनवर दुपारी दाब ५.४ बारपर्यंत उतरत असे, आणि ५.५ बारच्या खाली गेला की क्लॅम्पचा प्रेशर स्विच मशिन थांबवत असे. कॉम्प्रेसरवर दाब मात्र ७.२ बार दिसत असे. हवा अपुरी पडते आहे असे सर्वांचे मत झाले आणि सुमारे २४ लाख रुपयांचा तिसरा कॉम्प्रेसर घेण्याचा प्रस्ताव तयार झाला. तो मंजुरीला जाण्यापूर्वी श्रीमती दौंडकर यांनी एकच विनंती केली, की आपण किती हवा वापरतो आणि किती वाया घालवतो हे आधी मोजू द्यावे.

मोजणीसाठी त्यांनी गुरुवार निवडला. चाकण परिसरातील साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असल्याने त्या दिवशी एकही मशिन हवा घेत नाही. म्हणजे त्या दिवशी कॉम्प्रेसरला जी हवा भरावी लागते, ती सगळी गळतीची. २६ सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी फक्त ७५ किलोवॅटचा कॉम्प्रेसर सुरू ठेवला आणि तो किती वेळ लोडवर राहतो व किती वेळ अनलोड होतो हे स्टॉपवॉच लावून अनेक फेऱ्यांत टिपले. सरासरी ९६ सेकंद लोड आणि ६४ सेकंद अनलोड अशी आली. या कॉम्प्रेसरची क्षमता मिनिटाला १३ घनमीटर आहे. लोडच्या वेळेला एकूण वेळेने भागून त्या क्षमतेने गुणले की गळती निघते, आणि ती निघाली मिनिटाला ७.८ घनमीटर. कामाच्या दिवशीचा आपला सरासरी वापर मिनिटाला सुमारे २६ घनमीटर आहे. म्हणजे वीज खर्चून तयार केलेल्या हवेचा जवळजवळ तिसरा हिस्सा एकही पार्ट न बनवता शेडमध्ये सुटत होता. ही चाचणी ऊर्जा लेखापरीक्षणात सर्वमान्य आहे आणि तिला कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. ती आपल्याकडे याआधी झाली नव्हती, एवढाच फरक.

पुढचे काम संथ आणि चिकाटीचे होते, आणि माझ्या मते पुरस्काराचा खरा आधार तिथेच आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील गुरुवारी, शेड शांत असताना, श्रीमती दौंडकर आणि फिटर श्री. बाळासाहेब लोंढे साबणाच्या पाण्याची बादली व रंगाचा ब्रश घेऊन एकेका लाइनवरून फिरले. सांध्यावर ब्रश फिरवायचा, फुगा आला की तिथे क्रमांक घातलेली पिवळी चिठ्ठी बांधायची आणि रजिस्टरमध्ये जागा, कारण व अंदाजे आकार लिहायचा. अशा १८७ गळत्या सापडल्या. त्यांतल्या बहुतेक मोठ्या पाइपमध्ये नव्हत्या, मशिनपाशीच होत्या : एफआरएल युनिटचे आटे, पुश-फिट कनेक्टर, झिजलेली क्विक कपलिंग, आणि जुन्या होजवर आवळलेल्या पट्ट्या. एका ठिकाणी तर होजचे टोक कापून वायरने बांधून ठेवले होते आणि त्याचा आवाज रोजच्या गोंगाटात कोणाच्या लक्षातच येत नव्हता.

ड्रेन व्हॉल्व्हचे प्रकरण मला विशेष नमूद करावेसे वाटते. पावसाळ्यात हवेतील आर्द्रतेमुळे लाइनमध्ये पाणी फार साठते आणि ते सिलिंडरपर्यंत गेले तर मशिन अडकते, म्हणून ऑपरेटर खालचे ड्रेन व्हॉल्व्ह किंचित उघडे ठेवत असत. पाणी जाई, पण पाण्याबरोबर हवाही चोवीस तास जाई. श्रीमती दौंडकर यांनी ऑपरेटरना त्याबद्दल बोल लावला नाही. पाणी काढण्याची गरज खरी आहे, ती भागवण्याचा मार्ग आपण त्यांना दिलेला नाही, असे त्यांनी आढावा बैठकीत स्पष्ट सांगितले आणि सहा ठिकाणी पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडणारे ड्रेन बसवून घेतले. त्यानंतर व्हॉल्व्ह उघडे ठेवण्याची गरज कोणाला उरली नाही.

टोकाच्या लाइनवरील कमी दाबाचे कारणही त्यांनी असेच टप्प्याटप्प्याने शोधले. कॉम्प्रेसरपासून शेवटच्या मशिनपर्यंत जागोजागी गेज लावल्यावर दिसले, की ७.२ आणि ५.४ यांमधील १.८ बारपैकी ०.९ बार मुख्य लाइनवरील चोंदलेल्या फिल्टरमध्ये आणि उरलेला ०.९ बार शेवटच्या अरुंद शाखेत खर्ची पडत होता. कितीही मोठा कॉम्प्रेसर आणला असता तरी हा तोटा कायमच राहिला असता. फिल्टरचा एलिमेंट बदलला, शाखेचा पाइप मोठ्या व्यासाचा टाकला आणि कॉम्प्रेसरचा दाब ७.२ वरून ६.६ बारवर आणला. तरीही शेवटच्या मशिनला आता ६.१ बार मिळतो. दाब कमी करायचे ठरले तेव्हा प्रेस शॉपमध्ये साहजिकच धास्ती होती. म्हणून त्यांनी तो एकदम उतरवला नाही. दर आठवड्याला ०.१ बार कमी करून त्या स्वतः दुसऱ्या पाळीत टोकाच्या लाइनवर थांबत आणि ऑपरेटरला विचारूनच पुढचा टप्पा घेत.

आता परिणामांविषयी. १९ डिसेंबर २०२४ च्या गुरुवारी तीच चाचणी त्याच कॉम्प्रेसरवर पुन्हा घेतली. सरासरी लोड ४८ सेकंद आणि अनलोड १९२ सेकंद आली. म्हणजे गळती मिनिटाला ७.८ वरून २.६ घनमीटरवर आली. कॉम्प्रेसर रूमच्या स्वतंत्र मीटरनुसार जुलै ते सप्टेंबर २०२४ मध्ये महिन्याला सरासरी ९६,००० युनिट वीज लागत होती. जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये ती ७४,४०० युनिट लागली. लेखा विभागाने धरलेल्या युनिटमागे साडेनऊ रुपये या सरासरी दराने ही बचत महिन्याला २,०५,२०० रुपये होते. दुरुस्ती, ड्रेन, फिल्टर आणि पाइप मिळून एकूण खर्च ३,४०,००० रुपये आला, तो दोन महिन्यांच्या आत वसूल झाला. ‘हवेचा दाब कमी’ या कारणाने मशिन बंद राहण्याचे तास त्याच तीन-तीन महिन्यांच्या तुलनेत ४१ वरून ४ वर आले. तिसऱ्या कॉम्प्रेसरचा प्रस्ताव मागे घेण्यात आला.

या आकड्यांवर माझा विश्वास असण्याचे एक कारण आहे. बचतीचा पहिला तक्ता डिसेंबरमध्येच सादर करता आला असता आणि तो दिसायला अधिक चांगला होता, कारण दिवाळीच्या सुट्ट्यांमुळे वीज आपोआपच कमी लागली होती. श्रीमती दौंडकर यांनी तो तक्ता सादर करण्यास नकार दिला. वीज कमी लागली ती दुरुस्तीमुळे की उत्पादन कमी झाल्यामुळे, हे वेगळे करता आल्याशिवाय आकडा बाहेर जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून त्यांनी दर हजार पार्टमागे लागणारी वीज हे माप धरले. जुलै-सप्टेंबरमध्ये महिन्याला सरासरी ४,८०,००० पार्ट निघाले आणि हजारामागे २०० युनिट लागले. जानेवारी-मार्चमध्ये ४,९६,००० पार्ट निघाले आणि हजारामागे १५० युनिट लागले. उत्पादन वाढूनही वीज चौथ्या हिश्श्याने कमी झाली, हे या मापाने निर्विवाद ठरते. बचतीतील गळतीचा वाटा किती आणि दाब कमी केल्याचा किती, हे मीटरवरून वेगळे काढता येत नाही, हेही त्यांनी आपल्या अहवालात लिहून ठेवले आहे. १८७ पैकी १६३ गळत्या बंद झाल्या असून उरलेल्या २४ साठी मशिन उघडावी लागणार आहेत. त्यांची यादी मे महिन्यातील देखभाल बंदच्या कामांत घेतली आहे.

अशी मोहीम संपली की गळती हळूहळू परत येते, हा सर्वच कारखान्यांचा अनुभव आहे. त्यावर त्यांनी केलेली व्यवस्था साधी आहे. प्रत्येक लाइनवर पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा टांगलेला असतो. फुसफुस ऐकू आली की ऑपरेटर स्वतः चिठ्ठी बांधतो, येत्या गुरुवारी फिटर ती काढतो आणि रजिस्टरमध्ये दुरुस्तीशेजारी चिठ्ठी बांधणाऱ्याचे नाव लिहिले जाते. कंत्राटी कामगारांची नावेही त्यात तितक्याच मानाने लिहिली जातात. महिन्यातून एकदा लोड-अनलोडची चाचणी होते आणि तिचा आलेख कॉम्प्रेसर रूमच्या दारावर लावला जातो. मार्चच्या चाचणीतही गळती मिनिटाला २.६ घनमीटरच होती. आपल्या रांजणगाव कारखान्याच्या युटिलिटी विभागाने ही पद्धत पाहण्यासाठी फेब्रुवारीत दोन जण पाठवले होते, आणि श्रीमती दौंडकर यांनी त्यांना रजिस्टरचा नमुना दिला व पहिली चाचणी तिथे जाऊन स्वतः करून दाखवली.

हा पुरस्कार मिळाल्यास तो श्री. लोंढे आणि गुरुवारी कामावर येणाऱ्या फिटर मंडळींसोबत स्वीकारण्याची श्रीमती दौंडकर यांची इच्छा आहे, आणि समितीने ती मान्य करावी अशी माझी विनंती आहे. दोन्ही चाचण्यांची नोंदपत्रे, गळती रजिस्टरची प्रत, सहा महिन्यांची मीटर रीडिंग, मशिन बंद राहिल्याच्या नोंदी आणि लेखा विभागाने तपासलेला बचतीचा तक्ता सोबत जोडला आहे. समितीला प्रत्यक्ष पाहणी करावयाची असल्यास कोणत्याही गुरुवारी सकाळी दहा वाजता कॉम्प्रेसर रूममध्ये यावे. त्या दिवशीची चाचणी समितीसमोरच घेण्याची तयारी त्यांनी दर्शवली आहे.

आपला विश्वासू,
विलास कुंभार
व्यवस्थापक, प्रेस शॉप
चाकण कारखाना