कऱ्हाड, 13 डिसेंबर 1967

धारवाडच्या पुतण्याने आजोबांच्या जुन्या पोस्टकार्डाचा फोटो पाठवला. मजकूर कानडी, खाली त्यानेच केलेलं मराठी. आजीने चष्मा लावला.

‘अव्वा, परवा पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आम्ही सुखरूप आहोत.’

‘भिंतीला तडा गेला. ही आधी गोठ्यात धावली, गाय सोडली, मगच अंगणात आली.’

“केवढे ओरडले होते मला! आठवडाभर अबोला.”

‘मी फार रागावलो. हिला काही झालं असतं तर? अजून हात थरथरतोय, म्हणून अक्षर असं.’

आजीने फोटो बोटांनी मोठा केला. कानडी तिला कधीच आलं नाही. वाकड्या ओळींवर बोट ठेवत तिने नातीला विचारलं, “यातलं ‘ही’ कुठं लिहिलंय गं?”