‘अभिनिवेश’ म्हणजे काय गं, आत्या?

चि. रेवा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला अग्रलेखाच्या कात्रणाचा फोटो मिळाला. पेन्सिलीने गोल केलेला शब्दही दिसला. फोनवर दोन वाक्यांत सांगून मोकळी झाले असते, पण तुमच्या बाईंनी ‘शब्दाचा अर्थ स्वतःच्या भाषेत लिहा’ असं सांगितलंय म्हणालीस, म्हणून सविस्तर लिहिते. वर्तमानपत्राची मुद्रितं वाचणं हाच माझा रोजचा उद्योग, त्यामुळे हा शब्द आठवड्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतोच.

आधी कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाबद्दलचं ते वाक्य पुन्हा वाचू: ‘अलमट्टीच्या उंचीचा प्रश्न हा मूलतः जलशास्त्राचा आहे, दोन्ही राज्यांनी प्रांतीय अभिनिवेश बाजूला सारून त्याचा साकल्याने विचार करणे श्रेयस्कर ठरेल.’

तुझा अंदाज होता, ‘अभिनिवेश म्हणजे अभिनेत्याचा वेश’. मी खूप हसले. पण अंदाज अगदीच टाकाऊ नाही, त्याच्याकडे पुढे येते. व्याकरणात मात्र तो बसत नाही. ‘अभिनय’ आणि ‘अभिनेता’ यांच्यात ‘नी’ हा धातू आहे, म्हणजे नेणं. आपल्या शब्दात धातू आहे ‘विश्’, म्हणजे शिरणं, आत जाणं. तुझ्या ओळखीचे किती शब्द याच धातूचे आहेत बघ: प्रवेश, समावेश, आवेश. हिंदी बातम्यांत गुंतवणुकीला ‘निवेश’ म्हणतात, तोही यांचाच भाऊ. पैसा आत घातला की निवेश.

आता ‘नि’ म्हणजे आत, खोल. आणि ‘अभि’ म्हणजे एखाद्या गोष्टीच्या दिशेला, तिच्याकडे तोंड करून. ‘अभिमुख’मधला अभि तोच. म्हणजे अभि + नि + वेश = एखाद्या गोष्टीकडे जाऊन तिच्यात खोल शिरून बसणं. एखादा पाहुणा दारातून आत येतो, चहा घेतो आणि जातो. दुसरा येतो, लोड ओढून घेतो, पंखा आपल्याकडे वळवतो आणि आठवडाभर हलत नाही. पहिला झाला प्रवेश, दुसरा अभिनिवेश. फक्त इथे शिरणारं असतं आपलं मन आणि घर असतं एखादं मत. मन त्या मतात असं ठाण मांडतं की बाहेरून कुणी कितीही हाका मारल्या तरी ते दारात यायला तयार नसतं.

मग सरळ ‘हट्ट’ का नाही म्हणायचं? म्हणता येईल, पण थोडा फरक राहतो. हट्ट वस्तूसाठीही असतो. तू पाचवीत असताना सायकलसाठी धरला होतास तो हट्ट, त्यात अभिनिवेश नव्हता. आग्रह चांगलाही असतो, ‘अजून एक पुरणपोळी घ्या’ हा आग्रहच. ‘आवेश’ आवाजात आणि हातवाऱ्यांत दिसतो. भाषण संपलं की तोही उतरतो. अंगात येतं तेव्हाच्या त्या अवस्थेलाही संस्कृतात आवेशच म्हणतात, आणि तीही थोड्या वेळाने ओसरते. अभिनिवेश ओसरत नाही. माणूस शांत बसलेला असतो, आवाजही चढलेला नसतो, पण ‘माझंच खरं’ हे त्याच्या मनात पक्कं झालेलं असतं आणि पुढचं सगळं तो तेवढ्याच खिडकीतून पाहतो. आपल्या घरगुती मराठीत जवळात जवळचा शब्द ‘हेका’. ‘आपलाच हेका चालवणे’ यात तो बराचसा येतो. ‘आपलंच घोडं पुढे दामटणे’ हेही चालेल.

आता तुझ्या घरातलंच उदाहरण. रागावू नकोस आणि आप्पांना हे पत्र मोठ्याने वाचून दाखवू नकोस. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पूर आला तेव्हा तू लहान होतीस. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी त्या वर्षी ५७ फुटांच्याही वर गेलं. गावभागातल्या आपल्या घराच्या भिंतीवर आप्पांनी त्या पाण्याची रेघ ऑइलपेंटने मारून ठेवली आहे, ती तू रोज बघतेसच. तेव्हापासून आप्पांचं म्हणणं एकच: ‘अलमट्टीनेच बुडवलं.’ पुढच्या वर्षी वडनेरे समितीचा अहवाल आला. राज्य सरकारनेच नेमलेली समिती होती ती. त्या पुराला अलमट्टी जबाबदार नाही, असं तिने म्हटलं. आप्पांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि म्हणाले, ‘समितीला काय कळतंय!’

हा झाला अभिनिवेश. आप्पांचं मत चूक की बरोबर, हा मुद्दाच नाही. धरणाची भीती वाटण्यात त्यांचं काही चुकत नाही. रेघ त्यांच्या भिंतीवर आहे, समितीच्या नाही. शिवाय ज्यांनी अहवालावर आक्षेप घेतले त्यांच्यातही अभ्यासू माणसं आहेत. पण आक्षेप घेणारा आधी अहवाल उघडतो. पान न उलटता तो बाजूला ठेवणं म्हणजे मत राखणं नव्हे, मतात शिरून आतून कडी लावून घेणं.

पलीकडच्या बाजूलाही तेच. अलमट्टीची पाणीपातळी सध्या ५१९.६ मीटर, ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायची कर्नाटकाची इच्छा आहे, आणि कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१०मध्ये तशी मुभा दिली होती. तिकडच्या शेतकऱ्याला पाणी हवंय, हे खरंच आहे. पण त्याच्याकडचा कुणी पुढारी ‘सांगली-कोल्हापूरच्या पुराचं नावच काढू नका’ म्हणाला, तर तोही अभिनिवेशच. आणि त्याच्या मागे ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ हा हिशेब असेल, तर त्याला अग्रलेखकार ‘प्रांतीय अभिनिवेश’ म्हणतात. म्हणजे मत तपासून धरलेलं नाही, आपल्या राज्याचं आहे म्हणून धरलेलं आहे. ‘पक्षीय अभिनिवेश’, ‘जातीय अभिनिवेश’, ‘भाषिक अभिनिवेश’ अशा जोड्या तुला पुढे भेटतील. पहिला शब्द सांगतो, मन कशात अडकलंय.

आता तुझ्या अभिनेत्याकडे. पुस्तकांच्या परीक्षणांत तुला असं वाक्य दिसेल: ‘लेखिकेने कोणताही अभिनिवेश न आणता आपले अनुभव सांगितले आहेत.’ इथे हेका बसत नाही. इथे अर्थ आहे, ‘मी काहीतरी थोर सांगतेय’ असा आव न आणता, साधेपणाने. वक्तृत्व स्पर्धेत काही मुलं पहिल्याच वाक्याला छाती पुढे काढून हात आकाशात फेकतात ना? त्याला ‘अभिनिवेशाने बोलणं’ म्हणतात आणि त्यात अभिनयाचा वास असतोच. तर तुझा अंदाज चुकीच्या वाटेने का होईना, या दुसऱ्या अर्थाच्या अंगणापर्यंत पोचला होता. तुझ्या अग्रलेखात मात्र पहिला अर्थ आहे.

शब्द जुना किती, हेही वहीत लिही, बाईंना आवडेल. पतंजलींच्या योगसूत्रांत माणसाला छळणारे पाच क्लेश सांगितले आहेत: अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश. (राग म्हणजे चिडणं नव्हे, ओढ.) तिथे अभिनिवेशाचा अर्थ जिवाला घट्ट चिकटून राहणं, मरणाची भीती असा घेतात. म्हणजे चिकटून बसणं तेच, फक्त तिथे जिवाला आणि इथे मताला. गंमत अशी की हा क्लेश विद्वानांनाही सुटत नाही, असं ते सूत्रातच म्हणतात. आमच्या संपादकांच्या टेबलाच्या काचेखाली लावावं असं ते वाक्य आहे.

तू विचारलंस, ‘एवढं साधं आहे तर साधं का लिहीत नाहीत?’ एक कारण सवय. संपादकीय पानावर बसलं की बोट आपोआप संस्कृतकडे वळतं. ‘बरं होईल’ लिहायचं असतं आणि उमटतं ‘श्रेयस्कर ठरेल’. पण ‘अभिनिवेश’चं आणखी एक कारण आहे. मंत्र्यांना ‘तुमचा हट्ट सोडा’ म्हटलं तर ते दुखावतात. ‘अभिनिवेश बाजूला सारा’ म्हटलं की टोचतंही आणि ओरखडाही उठत नाही. जड शब्दाला असा सभ्यपणाचा गिलावा असतो आणि वादाच्या वेळी तो उपयोगी पडतो, हे मला मान्य आहे.

मात्र या अग्रलेखात तो शब्द मला आवडलेला नाही. ‘दोन्ही राज्यांनी अभिनिवेश सोडावा’ म्हणून लेखक मोकळा झाला. नेमका कुणाचा अभिनिवेश, कोणत्या बाबतीतला? पावसाळ्यात धरणात किती पाणी ठेवायचं यावरचा, की किती आणि कधी सोडायचं यावरचा? ते लिहिलं असतं तर कुणीतरी नाराज झालं असतं. म्हणून हा शब्द भेटला की त्याला तीन प्रश्न विचारत जा: कुणाचा? कशाबद्दल? आणि कोणती गोष्ट ऐकून घ्यायला तो नकार देतोय? उत्तरं लेखात मिळाली तर शब्द कामाचा, नाही मिळाली तर शोभेचा. मुद्रितं वाचताना मीही हेच करते. फरक इतकाच की मला समासात प्रश्नचिन्ह काढण्यापलीकडे अधिकार नाही.

वहीसाठी एवढं उतरव, वाटल्यास तुझ्या शब्दांत फिरवून:

अभिनिवेश (पुल्लिंगी): आपलं मतच खरं, असं मनात पक्कं धरून बसणं आणि दुसरी बाजू ऐकायलाच तयार नसणं, हेका. दुसरा अर्थ: बोलण्या-लिहिण्यात आणलेला आव.

वाक्य तूच कर, पण आप्पांवर नको. आणि अग्रलेखातलं ते वाक्य साध्या मराठीत असं होईल: ‘अलमट्टीची उंची किती असावी हा पाण्याच्या अभ्यासाचा प्रश्न आहे, दोन्ही राज्यांनी आपापला हेका सोडून सगळ्या बाजूंनी त्याचा विचार केला तर बरं होईल.’

लिहिताना ‘भि’ आणि ‘नि’ दोन्ही ऱ्हस्व, आणि शेवटी शहामृगातला ‘श’. ‘अभिनीवेष’ असं मी छापून आलेलंही पाहिलंय.

‘साकल्याने’ खाली तू खूण केली नाहीस, म्हणजे तो कळला असावा. नसेल तर तो आप्पांना विचार. त्यांचं संस्कृत माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि कुणी अर्थ विचारला की ते खूश होतात.

आईला नमस्कार, दादाला आशीर्वाद.

तुझी,
आत्या