विषय: अमोनिया प्लांट मॅन्युअल: सोमवारची मुदत शक्य नाही, २५ जुलैचे वेळापत्रक

नमस्कार अमोल सर,

कोल्ड स्टोरेजच्या अमोनिया प्लांटचे मॅन्युअल मिळाले, आज दुपारी ते शेवटपर्यंत वाचले. ९२ पाने, सुमारे १८,६०० शब्द, २३ आकृत्या. सोमवारी १६ जूनला सकाळी ९ वाजता मराठी प्रत द्यायचे काम मी घेऊ शकत नाही. दीडपट दर देऊ केलात त्याबद्दल आभार, पण अडचण दराची नाही. माझे काम बँकेची, कायद्याची आणि आरोग्याची कागदपत्रे मराठीत आणण्याचे आहे. रेफ्रिजरेशन माझा विषय नाही, आणि हे मॅन्युअल रात्रपाळीचा ऑपरेटर व्हॉल्व्हजवळ उभा राहून वाचणार आहे.

नेमके काय चुकू शकते ते सांगते, म्हणजे तुम्हाला ग्राहकाशी बोलायला सोपे जाईल.

पान ३१ वर व्हॉल्व्ह ‘क्रॅक’ करायला सांगितले आहे. म्हणजे तो किंचित, अगदी थोडा उघडायचा. घाईत कोणी ‘तोडा’ लिहील, कोणी नुसते ‘उघडा’. दुसरी चूक जास्त वाईट, कारण वाचताना ती चूक वाटतच नाही. पान ३४ वरचा ‘डेड मॅन’ व्हॉल्व्ह म्हणजे तेल काढायच्या नळीवरचा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह. हात सुटला की तो आपोआप बंद होतो. अमोनियापेक्षा तेल जड असल्यामुळे ते भांड्याच्या तळाशी साचते आणि खालूनच काढावे लागते. तेल संपल्यावर मागून अमोनिया येतो, आणि तिथे हा व्हॉल्व्हच माणसाला वाचवतो. त्याचे काम अनुवादकाला ठाऊक नसेल तर ‘व्हॉल्व्ह हाताने धरून ठेवा, बांधून ठेवू नका’ ही सूचना त्याला फालतू वाटेल आणि तो ती सैल लिहील.

सर्वांत जास्त काळजी सहाव्या प्रकरणाची, म्हणजे गळतीची. पान ५८ वरची मूळ सूचना अशी आहे: हवेतल्या वाफेवर पाण्याचा बारीक फवारा धरा, जमिनीवर साचलेल्या द्रवावर पाणी मारू नका. द्रव अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो, त्यामुळे साधे पाणीसुद्धा त्याला तापवते, तो झपाट्याने उडतो आणि ढग वाढतो. प्लांटवर मात्र द्रव काय आणि वाफ काय, दोन्हीला सर्रास ‘गॅस’ म्हणतात. मराठीत ‘गॅसवर पाणी मारा’ एवढेच छापले गेले, तर वाक्य शुद्ध असेल आणि सूचना उलटी होईल. मजकुरात ‘वाफ’ आणि ‘द्रव’ हे दोन शब्द कायम वेगळे ठेवायचे की ‘हवेतला गॅस’ आणि ‘सांडलेला गॅस’ लिहायचे, हे ऑपरेटरना विचारून ठरवावे लागेल. मी घरी बसून ते ठरवणे योग्य नाही.

आणखी एक अडचण आपल्या भाषेचीच आहे. मूळ मजकुरात सक्ती, शिफारस आणि मुभा यांसाठी तीन वेगळी क्रियापदे आहेत. आपण तिन्हींना ‘करावे’ लिहून मोकळे होतो. इथे ‘केलेच पाहिजे’, ‘करणे चांगले’ आणि ‘करता येईल’ असे तीन साचे आधी ठरवून शेवटपर्यंत पाळावे लागतील. दाबाचे आकडेही असेच. मॅन्युअलमध्ये ते पीएसआयमध्ये आहेत, आणि प्लांटवरचे गेज किलो प्रति चौरस सेंटिमीटरचे असेल तर ऑपरेटरला काट्यावर वेगळाच आकडा दिसेल. रूपांतर करायचे का, याची लेखी परवानगी ग्राहकाच्या अभियंत्याकडून हवी.

काम पाच जणांत वाटून सोमवार गाठू, असा विचार झाला तर कृपया तो टाळा. एकाच भांड्याला तीन प्रकरणांत तीन नावे पडतील, आणि ती एकसारखी करायला वाचवलेल्या दिवसांहून जास्त दिवस जातील.

आता मी काय देऊ शकते ते. आठव्या आणि नवव्या प्रकरणात वॉरंटीच्या अटी, हस्तांतराचा नमुना, प्रशिक्षणाचे हजेरीपत्रक आणि सह्यांचे फॉर्म आहेत, मिळून २,२०० शब्द. हे माझ्या हातातले काम आहे. उद्या, शुक्रवारी दुपारी १२ पर्यंत होकार आला तर सोमवारी संध्याकाळी ६ वाजता देते, नेहमीच्या दराने, घाईचा जादा आकार न लावता.

उरलेले १६,४०० शब्द मीच करावेत असे वाटत असेल, तर पुढच्या तारखा मी पाळू शकेन.

१७ ते १८ जून: सुमारे १८० संज्ञांची यादी, प्रत्येकीपुढे पान क्रमांक आणि सुचवलेला मराठी शब्द. ‘व्हॉल्व्ह’, ‘कॉम्प्रेसर’, ‘रिसीव्हर’ तसेच ठेवायचे असे माझे मत आहे. ‘झडप’ आणि ‘संपीडक’ प्लांटवर कोणी म्हणत नाही.
१९ ते २० जून: ग्राहकाचा अभियंता आणि एक अनुभवी ऑपरेटर यांच्याकडून यादी पक्की. दोघांचा मिळून दीड तास फोनवर लागेल.
२३ ते २५ जून: आधी तिसरे प्रकरण (प्लांट सुरू-बंद करणे) आणि सहावे (गळती), ३,३०० शब्द. अभियंत्याने तपासून हा पहिला हप्ता ३० जूनला तुमच्या हातात.
११ जुलैपर्यंत: बाकीची प्रकरणे, दिवसाला सुमारे १,१०० शब्द. ओळखीच्या विषयात मी २,००० ते २,५०० करते. इथे निम्मा वेळ शोधण्यात आणि विचारण्यात जाईल.
१५ जुलैपर्यंत दुसऱ्या भाषातज्ज्ञाचे संपादन, १८ जुलैपर्यंत अभियंत्याचे संपूर्ण वाचन. आयएसओ १७१०० मध्ये अनुवादकाखेरीज दुसऱ्या व्यक्तीने मूळाशी ताडून पाहणे बंधनकारक आहे. ही पायरी वगळून मी काम देणार नाही.
२१ ते २३ जुलै: पानांची मांडणी. २४ जुलै: छपाईपूर्व वाचन. २५ जुलै, शुक्रवार: अंतिम प्रत.

यासाठी चार गोष्टी लागतील. पीडीएफऐवजी मूळ इनडिझाइन फाइल. आकृत्यांतली नावे चित्रातच गोठलेली आहेत, त्यामुळे त्यांच्याही मूळ फाइली. मांडणी युनिकोडमध्येच, जुन्या फॉन्टमध्ये मजकूर ओतला की जोडाक्षरे तुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात. आणि अभियंत्याच्या वेळेची हमी, कारण त्याचा एक आठवडा उशीर म्हणजे माझाही एक आठवडा उशीर. त्याचे मानधन ग्राहकाने वेगळे द्यावे.

रेफ्रिजरेशनमध्ये काम केलेला अनुवादक तुमच्याकडे असेल तर काम त्यालाच द्या, माझी काहीही हरकत नाही. त्याच्याकडून आधी पान ३१, ३४ आणि ५८ वरचे प्रत्येकी एक परिच्छेद नमुना म्हणून करून घ्या आणि प्लांटवरच्या ऑपरेटरला फोनवर वाचून दाखवा. मात्र जाणकार माणसालाही चार दिवसांत १०,००० शब्दांपलीकडे जाता येणार नाही, हे ग्राहकाला आजच सांगितलेले बरे.

प्लांट सोमवारी सुरू होणारच असेल, तर मराठी प्रत येईपर्यंत इंग्रजी मॅन्युअल समजणारा अभियंता प्रत्येक पाळीत हजर ठेवावा, असे माझ्या नावाने कळवलेत तरी चालेल.

वैशाली
१२ जून २०२५