नोट्स मिळाल्या का?

विश्रामबाग, सांगली
रविवार, 7 जुलै 2024

शरू,

कागदावर लिहितेय याचं नवल वाटून घेऊ नकोस. व्हॉट्सअॅपवर हे चार वेळा टाइप केलं आणि चारही वेळा पुसलं. तुला वरती 'टायपिंग' दिसलं असेल तर तेच ते. दादा शुक्रवारी चन्नम्मा एक्सप्रेसने तुझ्याकडे निघालाय, त्याच्याकडे भडंग आणि हे पाकीट देते. पाकीट चिकटवलंय. तरी त्याचा भरवसा नाही, त्यामुळे फाटलेलं आलं तर मला कळव.

आधी भांडून घेते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

दिवाळीत तू तीन दिवस सांगलीत होतीस. मला ते कळलं तुझ्या स्टेटसवरून. गणपती मंदिरात निखिलबरोबरचा फोटो, तू मोरपंखी साडीत. गावभागातून विश्रामबागेत यायला रिक्षाला किती वेळ लागतो? माहेरपणाला आलेल्या मुलीला सतरा घरी जावं लागतं, हे कळतं मला. पण एक फोन? 'आलेय, भेटायला जमणार नाही' एवढंसुद्धा चाललं असतं. मी त्या दिवशी आईशी विनाकारण भांडले आणि चकल्या करपवल्या.

जानेवारीत बाबांची बायपास झाली. मिरजेत आठ दिवस मी दवाखान्यातल्या बाकड्यावर झोपत होते. तुला मेसेज केला, तुझं उत्तर दोन दिवसांनी आलं: हात जोडलेलं चित्र आणि 'टेक केअर'. शरू, ज्या बाबांनी तुला पुराच्या पाण्यातून आणलं ते हे बाबा. 'टेक केअर' काय!

झालं. भांडण संपलं. आता जे खरं सांगायचंय ते.

गेल्या आठवड्यात काकू भाजी मंडईत भेटल्या. घेवडा निवडता निवडता, मला माहीतच असेल असं धरून म्हणाल्या, "शरू आता बरी आहे हो. दिवस गेले होते, पण नाही राहिलं, त्याचं फार घेतलं होतं तिनं." मी "हो ना काकू" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांना वाटलं असतं, हिला नाही सांगितलं म्हणजे दोघींचं काहीतरी बिनसलंय. कधीचं ते मी आडून विचारलं. होळीच्या आधल्या आठवड्यातलं, म्हणाल्या.

घरी येऊन मी मोबाइलमध्ये जुने कॉल शोधत बसले. 21 मार्च, माझा वाढदिवस. तुझा फोन दुपारी आला होता, दोन मिनिटं चार सेकंद. मी बँकेत रांगेत होते, बाबांच्या दवाखान्याच्या पैशांचंच काहीतरी निस्तरत. तू हॅपी बर्थडे म्हणालीस, केक आणलास का विचारलंस, मागे कोणीतरी टीव्हीवर कन्नड बातम्या लावल्या होत्या. आणि शेवटी तू विचारलंस, "मुक्ता, नोट्स मिळाल्या का गं?"

मी हसले, शरू. मला वाटलं, कॉलेजची आठवण काढतेयस. "हो, झेरॉक्स काढून ठेवल्यात," म्हणाले, आणि माझा नंबर आला म्हणून फोन ठेवला.

विलिंग्डनमध्ये तीन वर्षं आपण ते वाक्य कशासाठी वापरलं हे माझ्याशिवाय कोणाला माहीत होतं? घरात बोलता येत नाहीये, पण काहीतरी झालंय, तू ये किंवा मला बोलाव. तुझ्या त्या साताऱ्याच्या स्थळाच्या वेळी तू रात्री साडेदहाला नोट्स मागितल्या होत्यास, आणि मी बाबांची लुना काढून आले होते. परीक्षा संपून महिना झाला होता, तरी तुझ्या आप्पांनी कसल्या नोट्स म्हणून विचारलं नाही. आणि आता, दहा वर्षांनी तू मागितल्यास तेव्हा मी रांगेतला नंबर सांभाळला.

कदाचित तू खरंच गंमत म्हणून म्हणाली असशील. तसं असेल तर तसं सांग, मी आनंदाने वेडी ठरेन. पण मला तसं वाटत नाही.

तुझ्या फोनवरच्या 'हो, हो, बोल ना' वरून मला आता ओळखता येतं की हॉलमध्ये कोणीतरी बसलंय. आधी मला वाटायचं, हिला कंटाळा येतो माझा. व्हाइटफिल्डमधली सोसायटी, स्विमिंग पूल, नवऱ्याचे मित्र, आता ही सांगलीतली शिक्षिका कशाला हवी. हे मी मनाशी इतक्या वेळा बोललेय की तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलं. दोन खोल्यांचं घर, सासूबाई दिवसभर घरात, निखिल रात्री आठपर्यंत ऑफिसात, आणि तुझं कन्नड अजून भाजीवाल्यापुरतं. तिथे तू मोठ्याने रडणार तरी कुठे, हा विचार मी केलाच नव्हता.

2019 चा ऑगस्ट आठवतो? आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तुम्ही चौघं नऊ दिवस आमच्याकडे होतात. काकू येताना दागिने विसरल्या आणि लोणच्याची बरणी घेऊन आल्या. पाणी उतरल्यावर गावभागातल्या घरात आपण दोघींनी फावड्याने चिखल ओढला, कपाटातून तुझी सगळी सर्टिफिकेटं निघाली, लगद्यासारखी. तू तेव्हा रडली नाहीस. चौथ्या दिवशी देवघराच्या कोनाड्यात हळदकुंकवाची ओली करंडी सापडली, तेव्हा बसलीस खाली. मी काही बोलले नव्हते, नुसती शेजारी चिखलात बसले होते. ते मला येतं. फोनवर सांत्वन करणं मला कधीच जमलं नाही, माहीतच आहे तुला.

म्हणून मी येते. 15 ऑगस्ट गुरुवारी आहे, शुक्रवारची रजा टाकलीय, शनिवार शाळेत मागून घेईन. झेंडावंदन झालं की मिरजेहून चन्नम्मा. सकाळी बंगळुरूला उतरलं की स्टेशनाजवळूनच जांभळ्या लाइनची मेट्रो थेट व्हाइटफिल्डला येते, हे मी शोधून ठेवलंय. घरी राहणं अवघड असेल तर स्पष्ट सांग, माझी आतेबहीण जयनगरला असते. आपण लालबागेत भेटू. त्या दिवसांत तिथे फुलांचं प्रदर्शन असतं. गर्दी खूप असेल, पण गर्दीत कोणी कोणाचं ऐकत नाही, ते बरं.

आणि येऊ नको असं वाटत असेल तर तेही चालेल. खरंच चालेल. मग कधी यायचं तेवढं सांग. तुला त्याबद्दल एक शब्दही बोलायचा नसेल तर आपण सासूबाईंना घेऊन इडल्या खाऊ आणि मी परत येईन.

बाबा आता सकाळी दोन किलोमीटर चालतात. चालून आले की आईची नजर चुकवून चहात साखर घालतात. तू फोन केलास तर त्यांना रागव, माझं ऐकत नाहीत.

तुझी,
मुक्ता

ता. क. भडंगाची दोन पाकिटं आहेत. लाल दोरा बांधलेलं बिनलसणाचं, 17 ला आषाढी, सासूबाईंचा चातुर्मास असेल म्हणून. दुसऱ्यात लसूण भरपूर आहे, ते स्वयंपाकघरात ठेवू नकोस, तुझ्या कपाटात ठेव.