थोडे दिवस व्हिडिओ येणार नाहीत, का ते सांगते

हाय मंडळी, आज टेबलावर घड्याळ नाहीये, लाईट पण एकच लावलाय, आणि स्क्रिप्ट अशी काही नाही, समोर कागदावर चार मुद्दे खरडलेत त्यावरून बोलतेय, त्यामुळे मध्ये मध्ये अडखळले तर चालवून घ्या, एडिट मी करणार नाहीये.

तर सरळच सांगते. मी या घड्याळ दुरुस्तीच्या चॅनेलवर व्हिडिओ टाकणं थांबवतेय. बंद करत नाहीये, थांबवतेय. किती दिवस ते मला आत्ता माहीत नाही, आणि उगाच एखादी तारीख सांगून तुम्हाला ताटकळत ठेवायचं नाहीये.

आधी एक सांगते, काहीही वाईट झालेलं नाही. तब्येत बरी आहे, घरचे मजेत आहेत, कोणी कमेंटमध्ये काही बोललं म्हणून रुसून पण बसले नाहीये (तसे बोलणारे आहेत दोन-चार, त्यांनाही नमस्कार). ऑफिसमध्ये कामाची वेळ बदललीये, ते एक कारण आहे. संध्याकाळ जी मला मिळायची ती आता अर्धीच मिळते. पण फक्त वेळेचा प्रश्न असता ना, तर मी सरळ दर शुक्रवारऐवजी महिन्याला एक व्हिडिओ केला असता. खरं कारण वेगळं आहे आणि ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

तुम्ही जो वरून घेतलेला क्लोजअप बघता ना, घड्याळाचं मशीन उघडलंय आणि चिमट्याने मी बॅलन्स उचलतेय वगैरे, तो शॉट घ्यायला कॅमेरा बरोब्बर मशीनच्या वर लागतो. आणि घड्याळ दुरुस्त करताना माझं डोकं, म्हणजे डोळ्याला भिंग लावलेलं डोकं, ते पण बरोब्बर तिथेच लागतं. एका जागेवर दोघं मावत नाहीत. मग होतं काय, की मी बाजूला वाकून, हात लांब करून, कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनकडे बघत काम करते. हेअरस्प्रिंग म्हणजे केसाएवढी बारीक गोष्ट, तिला नुसता चिमट्याचा चुकीचा धक्का लागला तरी वाकते, आणि ती मी स्क्रीनवर बघून उचलतेय! त्यात परत लाईटची चमक काचेवर आली की थांबा, फोकस गेला की थांबा, एखादा स्क्रू छान निघाला पण रेकॉर्डिंग चालूच नव्हतं, मग तो परत बसवा आणि तुमच्यासाठी परत काढा. जुन्या स्क्रूची खाच दर वेळी थोडी झिजते हो, ते मला कळतं आणि तरी मी करते.

मागच्या काही महिन्यांत माझ्या लक्षात आलं की घड्याळ हातात आलं की माझा पहिला प्रश्न 'याला झालंय काय' हा नसतोच. पहिला प्रश्न 'याचं थंबनेल कसं दिसेल' हा असतो. गंज असला की मला बरं वाटतं, कारण आधी-नंतरचा फोटो भारी येतो. आणि साधी, स्वच्छ, फक्त तेल वाळलेली घड्याळं, जी खरं तर मला सगळ्यात जास्त आवडतात, ती ड्रॉवरमध्ये पडून आहेत कारण त्यात 'दाखवण्यासारखं' काही नाही. हे मला नको झालंय. मी हे शिकले ते मला मजा येते म्हणून, रात्री उशिरा एकटीने, कोणी बघत नसताना. ती मजा मला परत हवीये, आणि ती कॅमेरा लावून परत येईल असं मला वाटत नाही, निदान आत्ता तरी.

बरं आता कामाच्या गोष्टी, कारण मला माहितीये खाली हेच विचारणार आहात.

ऑटोमॅटिक घड्याळाच्या सिरीजचा तिसरा भाग येणार नाहीये. त्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतंय, म्हणून शेवट इथेच सांगून टाकते: घड्याळ चालू झालं! मेनस्प्रिंग नवीन टाकावी लागली, रोटरचं बेअरिंग कोरडं पडलं होतं तेच खरखर करत होतं (ज्यांनी दुसऱ्या भागाखाली हा अंदाज केला होता त्यांना माझ्याकडून एक सलाम), आणि शेवटी टायमिंगच्या मशीनवर ठेवलं तर डायल वर असताना ॲम्प्लिट्यूड 270 च्या वर येतंय. ज्यांना हे आकडे काही बोलत नाहीत त्यांच्यासाठी, ठणठणीत आहे. दिवसाला थोडंसं पुढे पळतं, ते मी बसून लावेन निवांत.

मेंबरशिप मी थांबवलीये. म्हणजे मी काही देत नसताना तुमचे पैसे कापले जाऊ नयेत, एवढंच. तुमच्यापैकी तीन-चार जणांनी आधीच मेसेज केलाय की राहू दे चालू, सपोर्ट म्हणून. मन भरून आलं, पण नको. मला ते डोक्यावर ओझं वाटेल आणि मग मी महिनाअखेरीला काहीतरी ओढूनताणून अपलोड करेन, आणि ते व्हिडिओ तुम्हालाही कळतात, खोटं बोलू नका.

मॉनेटायझेशनचं काय, असं एक जण विचारत होता. तर युट्यूबचा नियम असा आहे की 6 महिने किंवा जास्त काळ चॅनेलवर व्हिडिओ नाही, पोस्ट नाही, काहीच नाही, तर ते मॉनेटायझेशन काढून घेऊ शकतात. काढलं तर काढलं. 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तासांचा वॉच टाइम जमवायला जीव गेला होता हे खरंय, आणि तो आकडा पूर्ण झाला त्या रात्री मी वेड्यासारखी स्क्रीन रिफ्रेश करत बसले होते. पण चॅनेलमधून जे येतं त्यात तेल आणि क्लिनिंगचं लिक्विड निघतं, घर चालत नाही. केवळ ते टिकावं म्हणून सहा महिन्यांनी एक 'कसे आहात सगळे' टाईप पोस्ट टाकायची, ते मला जमणार नाही. सांगण्यासारखं काही असेल तर पोस्ट टाकेन, नसेल तर नाही.

जुने व्हिडिओ सगळे आहेत तिथेच राहणार, एकही प्रायव्हेट करत नाहीये. कमेंट चालू आहेत. कोणाचं घड्याळ अडलं असेल तर विचारा, मी आठवड्यातून एकदा तरी बघेन, आणि मी नाही दिलं तर इथले जुने लोक उत्तर देतात, बऱ्याचदा माझ्यापेक्षा बरं देतात.

परत आले तर कशी येईन? बहुतेक वेगळी. कदाचित क्लोजअप नसेलच, मी नुसती काम करत बसलेली आणि बाजूला कुठेतरी कॅमेरा. कदाचित तासाभराचा एकच व्हिडिओ, ना म्युझिक ना कट, फक्त टिकटिक, बघेल तो बघेल. आणि हो, असंही होऊ शकतं की मला कॅमेऱ्याशिवाय इतकं बरं वाटेल की मी येणारच नाही. ते आज नाकारलं तर खोटं होईल. पण मला विचाराल तर मनात आत्ता तरी 'परत येईन' हेच जास्त आहे, म्हणून चॅनेल आहे तसं ठेवतेय, ट्रायपॉड पण विकत नाहीये, एकाने विचारलं होतं म्हणून सांगते.

सबस्क्राईब राहू द्या किंवा काढा, मला राग नाही. बेल असेल तर नोटिफिकेशन येईल, तेवढंच.

ज्यांनी अगदी पहिल्या हलत्या, अंधाऱ्या, आवाज फुटणाऱ्या व्हिडिओपासून बघितलंय त्यांना खरंच थँक्यू. काही जणांची नावं मला पाठ झालीयेत. आज रात्री कमेंट वाचायला बसणार आहे, त्यामुळे ज्याला जे बोलायचंय ते लिहा, शिव्या असतील तर त्या पण. चला, बाय.