साठ अंश

निखिलनं ड्रायरमधून स्वेटर काढला आणि दोन्ही हातांत धरून नुसताच उभा राहिला. बाही त्याच्या कोपरापर्यंतसुद्धा आली नसती. वीण दिसेनाशी होऊन लोकर नमद्यासारखी घट्ट झाली होती.

"आईनं विणलाय हा."

"माहितीये. रामबागेतल्या गॅलरीत बसून, दोन हिवाळे. लग्नाआधीपासून ऐकतेय."

"मग टॉवेलांबरोबर साठ अंशावर का लावलास?"

"मी लावला? टोपलीत कोणी कोंबला होता? तुझे मोजे, टॉवेल, सगळं एकाच बोचक्यात. मी एकेक कपडा उलगडत बसू?"

"इंदूरला आई सगळं आपणहून वेगळं करायची."

"करायच्या ना! कोमट पाण्यात रिठा, न पिळता सावलीत चादरीवर. त्यांनी हे तुला कधी शिकवलं नाही, हा माझा गुन्हा?"

लीड्समधला पाऊस खिडकीवर वाजत होता. तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. इंदूरला दुपार कलली होती.

"थंडी काय म्हणतेय? स्वेटर घालतोस ना रे?"

मृण्मयीनं स्वेटर उशीखाली सरकवला.

"आजच धुतला, आई," निखिल म्हणाला. खोटं म्हणावं तर तेही नव्हतं.

फोन ठेवून त्यानं दुसरी टोपली ओढली. "ही लोकरीची. ती बाकीची."

"आणि माझा लाल माहेश्वरी कुर्ता? रंग सोडतो तो."

"तिसरी आणू?"

"ठेवणार कुठे, डोक्यावर?"