डावीकडे, थोडं खाली

सणाला दोन दिवस उरले होते आणि केतकीकडे स्टूल नव्हतं.

बाकी सगळं तिने आठवडाभर कामावरून येता येता जमवलं होतं. केशरी आणि पिवळ्या कागदाचे ताव, दोऱ्याचं रीळ, गोंदाची बाटली, नवी कात्री आणि लाइटची एक माळ. दुकानदाराने आधी पांढऱ्या उजेडाची माळ लावून दाखवली होती, पण त्या उजेडात खोली ऑफिससारखी दिसली असती. तिने पिवळसर उजेडाची घेतली. घरी तशीच होती.

नोकरीला तीनच महिने झाले होते, सण नेमका आठवड्याच्या मध्ये आला आणि रजा मिळाली नाही. आईला फोनवर सांगताना तिने आवाज सांभाळला होता. आईनेही सांभाळला असावा. "बरं," एवढंच ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, "पण खोली उघडीबोडकी ठेवू नकोस हं."

घरी सजावटीची कामं ठरलेली. माळ्यावरचा खोका दादा काढणार, कागदाची चक्रं आई करणार, स्टुलावर बाबा चढणार. आणि केतकी दाराशी उभी राहून सांगणार. डावीकडे. अजून थोडं वर. नको, उतरलं, परत घ्या. सहा वर्षांची असल्यापासून हे काम तिचं होतं. "हिची नजर सरळ आहे," असं बाबांनी एकदा पाहुण्यांसमोर म्हटलं होतं आणि ते तिने कायमचं मनात ठेवलं होतं. तिने आजवर कधी काही टांगलेलं नव्हतं, चिकटवलेलं नव्हतं. फक्त पाहिलं होतं. हे तिच्या लक्षात आलं ते रिकाम्या खोलीत, हातात दोरा धरून उभी राहिल्यावर.

पहिली अडचण भिंतीची. चावी देतानाच घरमालकीण काकूंनी सांगितलं होतं, "खिळा ठोकायचा नाही हं, बाळा." टेप चालेल का, हे पाहायला तिने कपाटामागे एक तुकडा लावून ठेवला. सकाळी हळूच ओढला तर नखाएवढा रंगाचा पापुद्रा त्याच्याबरोबर आला. तिथे कुणाची नजर जाणार नव्हती, तरी तिला वाईट वाटलं. मग टेपचा विषय संपला. पडद्याच्या दांड्यापासून समोरच्या कपाटापर्यंत दोरा ताणायचा आणि कपाटाकडचं टोक वरच्या जड बॅगेच्या मुठीला बांधायचं, असं तिने ठरवलं. भिंतीला हातच लावायचा नाही.

चक्रं तिला सोपी वाटली होती. कागदाची पट्टी, पंख्यासारख्या घड्या, मध्ये दोऱ्याची गाठ, दोन्ही बाजू फिरवून कडा चिकटवायच्या. पहिलं चक्र अर्ध्यावरच अडलं. कडा एकमेकींपर्यंत पोचेनात, जोर लावला तशी मधली घडी टर्रकन फाटली. दुसऱ्याचंही तेच झालं. तेव्हा तिने आईला फोन लावला.

"पट्टी केवढी घेतलीस?"

"चौकोनी."

"अगं, चौकोनी कशी पुरेल! जेवढी रुंदी, त्याच्या दुप्पट तरी लांबी घे. अडीचपट घेतलीस तर अजून छान, घड्या ताठ उभ्या राहतात. आणि घडी बोटाने नको दाबूस, नखाने दाब."

नखाने दाब. ते ऐकलं आणि तिला आईचा उजवा अंगठा दिसला. सणाच्या आधीच्या रात्री त्या नखाच्या कडेला कागदाचा रंग लागलेला असायचा, केशरी, कधी पिवळा. केतकीने घडी घातली, नख टेकवलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलं. कागद बारीकसा करकरला. हा आवाज ती दरवर्षी झोपेत ऐकत आली होती, पलीकडच्या खोलीतून. तो घड्यांचा आवाज आहे हे तिला आज कळलं.

त्या रात्री तिने नऊ चक्रं केली. झोपताना दिव्याखाली अंगठा पाहिला. केशरी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती काकूंकडे स्टूल मागायला गेली. त्यांच्याही घरात सणाची गडबड होती. "ने की गं. एक पाय जरा डगमगतो, खाली कागद घाल. मी मागाहून न्यायला येते."

कागदाची घडी घालून तिने पाय बसवला, वर चढली, दांड्याला दोरा बांधला, उतरली. स्टूल कपाटापाशी नेलं, बॅगेच्या मुठीला टोक बांधलं, उतरली. दाराशी जाऊन पाहिलं तर माळ एकीकडे झुकलेली. परत चढली. गाठ सोडून जरा वर घेतली, उतरली, दाराशी गेली. आता दुसरीकडे झुकली. असं सात वेळा झालं. वर असताना दिसत नव्हतं आणि दिसायचं तिथे उभं राहिलं की हात पोचत नव्हता. या कामाला दोन माणसं लागतात. आठव्यांदा ती चढलीच नाही, स्टुलावरच बसून राहिली.

मग तिने व्हिडिओ कॉल लावला. टेबलावर पसरलेल्या कागदांच्या ढिगात पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला. पलीकडे बाबा चष्मा पुसत आले.

"बाबा, इथून सगळी माळ दिसतेय ना? मी वर चढते. तुम्ही सांगा."

"मी सांगू?" बाबा जरा थबकले. "बरं. चढ. जपून हं. स्टूल कोणी धरलंय का?"

"नाही, पण हलत नाहीये."

"मग एक हात कपाटाला ठेव." थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. केतकीला पाठमोरी असूनही कळलं, ते चष्म्याच्या वरच्या कडेतून बघत असणार. "डावीकडे थोडं खाली घे. अजून. अजून एक बोट. बास! बांध."

दोरा तोडायला कात्री सापडत नव्हती. तिने दाताने तोडला.

"झकास," बाबा म्हणाले. "एकदम सरळ." मागून आई म्हणाली, "लाइट लाव ना, बघू दे." तिने लावले. सगळे जरा वेळ गप्प होते.

फोन ठेवून दहा मिनिटंही झाली नसतील, काकू स्टूल न्यायला आल्या. दारातच थांबल्या, चक्रांकडे बघत राहिल्या.

"किती सुरेख केलंस गं! या चक्रांना चांगलाच वेळ लागला असेल." मग त्यांनी मान किंचित तिरकी केली. "फक्त डावी बाजू खाली आलीये बघ. थांब, मी स्टूल धरते, तू वर घे."

केतकी त्यांच्या शेजारी दाराशी येऊन उभी राहिली. खरंच खाली होती, चांगली चार बोटं. तिने टेबलाकडे पाहिलं. फोन ठेवला होता तिथे कागदांखालून कात्रीची मूठ डोकावत होती. फोनचा एक कोपरा तिच्यावर टेकून उचलला गेला होता.

काकूंनी एव्हाना स्टूल कपाटाशी नेऊन दोन्ही हातांनी धरलंही होतं.

"राहू दे, काकू," ती म्हणाली. "ती बाबांनी लावलीये."